अनगोळचं किचन, उद्यमबागची फेरी

बेळगावात कुणी ‘तीन किलोमीटरच्या आत डिलिव्हरी’ असं लिहिलं की मला आधी अनगोळचं चौथं रेल्वे गेट आठवतं. नकाशावर अनगोळ आणि उद्यमबाग अगदी लागून आहेत. पण मधून लोंढा-मिरज रेल्वेमार्ग जातो. गेट उघडं असेल तर स्कूटरवरून दहा-बारा मिनिटांत कारखान्याच्या दारात. मालगाडी येत असेल तर एक तर उभं राहायचं, नाहीतर मागे फिरून तिसऱ्या गेटच्या उड्डाणपुलावरून वळसा घालायचा. उलट वडगाव अंतराने थोडं लांब वाटतं, पण वाटेत रूळ नाहीत, त्यामुळे वेळ जवळपास रोज तोच लागतो.

आमच्या वहिनी अनगोळमध्ये घरच्या तळमजल्यावर क्लाउड किचन चालवतात. बसून जेवायची सोय नाही, फक्त डबे आणि थाळ्या. ज्वारीची भाकरी, भरलं वांगं नाहीतर पिठलं, आमटी-भात, चटणी, बुधवारी आणि रविवारी चिकन. ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येत आणि दादा त्या वहीत उतरवून घेत. गिऱ्हाईक वाढलं तसं वहीत मावेना, म्हणून वेबसाइट करायची ठरली. मी वेबसाइटची कामं करतो, तेव्हा ते माझ्याकडे आलं. मेनूचे फोटो, रंग, अक्षरं यांत फार वेळ गेला नाही. खरं काम होतं तीन प्रश्नांचं: कुठे पोचवायचं, किमान कितीची ऑर्डर घ्यायची आणि कोणत्या वेळेला. हे तिन्ही सुटे प्रश्न नाहीत हे काम करता करता जसं स्पष्ट होत गेलं, तेच इथे लिहितो.

सुरुवात झोनपासून. तयार ऑर्डरिंग प्लगइनमध्ये बहुतेक दोनच सोयी असतात, एक तर पिन कोडची यादी, नाहीतर किचनभोवती किलोमीटरचा गोल. पिन कोड टपालाच्या सोयीसाठी आखलेले. ५९०००६ मध्ये टिळकवाडीचा एवढा भाग येतो की त्याच्या एका टोकाला आम्ही चालत जाऊ आणि दुसऱ्या टोकाला भर दुपारी जायचं म्हणजे काँग्रेस रोडची गर्दी. गोलाची अडचण वर सांगितलीच. म्हणून मी दादांबरोबर स्कूटरवर मागे बसून फिरलो आणि तेही साडेबारा ते दीडच्या वेळात, कारण जेवण त्याच वेळेत पोचवायचं असतं. चार वाजता मोजलेला वेळ जेवणाच्या वेळी उपयोगाचा नाही. कुठल्या चौकापर्यंत किती मिनिटं लागली ते लिहून घेतलं आणि त्यावरून geojson.io या नकाशावर आकृत्या काढायच्या साइटवर हाताने बहुभुज काढले. पहिला झोन अनगोळ, भाग्यनगर आणि टिळकवाडीचा जवळचा भाग. दुसरा वडगाव-शहापूर. तिसरा उद्यमबाग. चौथा मच्छे आणि त्यापुढे विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाचा परिसर, तो फक्त संध्याकाळी.

बहुभुज काढताना एक गोष्ट सांभाळायची. आपण बोलताना अक्षांश आधी म्हणतो, फोनवरचे नकाशेही तसंच दाखवतात, पण या आकृत्या ज्या जिओजेसन स्वरूपात साठवतात, त्यात रेखांश आधी येतो. बेळगाव साधारण १५.८ अक्षांश, ७४.५ रेखांशावर आहे. हे आकडे उलटे पडले की बिंदू थेट नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जातो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘तुमच्या भागात सेवा नाही’ असं दिसू लागतं. कोडमध्ये चूक म्हणून काहीच दिसत नाही, म्हणून किचनचाच पत्ता टाकून पाहायचा. स्वतःच्या घरी डिलिव्हरी होत नाही असं साइट म्हणाली तर दुसरीकडे शोधायला नको. एखादा बिंदू झोनच्या बहुभुजात पडतो का, याची Turf या जावास्क्रिप्ट लायब्ररीतली तपासणी एवढीच आहे, उदाहरणार्थ उद्यमबागची:

```js
const p = turf.point([74.49, 15.82]);
turf.booleanPointInPolygon(p, udyambag);
```

उद्यमबागेत आणखी एक अडचण येते. फाउंड्रीच्या किंवा मशीन शॉपच्या पत्र्याच्या शेडमध्ये फोनचं लोकेशन सरकतं, कधी कधी रस्त्यापलीकडे दाखवतं. म्हणून झोनच्या सीमेपासून शंभरेक मीटरच्या आत पडलेली ऑर्डर साइट नाकारत नाही. ती घेते आणि दादांच्या पानावर पिवळ्या पट्टीत दाखवते, म्हणजे ते एक फोन करून खात्री करतात. ज्यांना लोकेशन द्यायचं नाही त्यांच्यासाठी भागांची यादीही आहे. यादीत शोधताना मात्र एकाच नावाची सगळी रूपं चालायला हवीत. कुणी इंग्रजीत Angol लिहितो, कुणी Anagol, कुणी कन्नडमध्ये, कुणी मराठीत. प्रत्येक भागाला एकच ओळख-क्रमांक दिला आणि नावं तिन्ही लिप्यांत त्याला जोडली.

भाग विचारायचा तो मेनूच्या आधी. हे मी आग्रहाने करून घेतलं. दादांचं म्हणणं होतं की आधी जेवण दिसू दे, भूक लागू दे. पण दहा मिनिटं निवड करून शेवटी ‘तिकडे येत नाही’ हे वाचणारा माणूस पुन्हा त्या साइटवर येत नाही. आता आधी भाग, मग वेळ, मग मेनू.

किमान ऑर्डरचा विषय निघाला तेव्हा वहिनींनी विचारलं, “भावजी, सगळ्यांस्नी दोनशे ठेवलं तर काय हरकत हाय?” हरकत काय ते कळायला आम्ही स्वयंपाकघरातच वही घेऊन बसलो. थाळी १२० रुपयांची. तिच्यात सामान ५५, गॅस आणि मदतनीस बाईंचा वाटा १५, डबा-पिशवी १०. उरले ४०. त्यांतले १५ घरात यायलाच हवेत, नाहीतर एवढा खटाटोप कशाला. म्हणजे पोचवण्याच्या खर्चाला प्रत्येक थाळीमागे २५ रुपये.

आता उद्यमबागची एक फेरी. डिलिव्हरीच्या पोराला तासाला ९० रुपये पडतात. जाणं, गेटवरच्या वॉचमनकडे नाव सांगणं, माणूस बाहेर येईपर्यंत थांबणं आणि परत येणं, सगळी मिळून चाळीस मिनिटं, म्हणजे ६० रुपये. पेट्रोल पंधराचं. एका ऑर्डरसाठी गेलं तर फेरीचा खर्च ७५ रुपये. ७५ भागिले २५, म्हणजे तीन थाळ्या. ३६० रुपयांच्या खाली एकट्या ऑर्डरसाठी उद्यमबागला जाणं म्हणजे वहिनींच्या पंधरा रुपयांतून खर्च भागवणं. अनगोळमधल्या अनगोळमध्ये हाच हिशेब केला तर एका थाळीतही जमतं. सगळ्यांना दोनशे ठेवलं असतं तर शेजारच्या गल्लीतली एकटी राहणारी आजी गेली असती आणि उद्यमबागचा तोटा तसाच राहिला असता.

पण ३६० ही रक्कमही जशीच्या तशी बरोबर नाही. कारखान्यात काम करणारा एकटा मुलगा तीन थाळ्या का घेईल? पुढचा हिशेब केला तेव्हा गाठ सुटली. पोरगा उद्यमबागेत गेलेलाच आहे, तर आणखी एका गेटवर थांबायला सात मिनिटं लागतात. वेळेचे साडेदहा आणि पेट्रोलचे दीड धरले तर बारा रुपये. त्या गेटवर एकच थाळी दिली तरी २५ रुपये येतात. म्हणजे फेरी एकदा निघाली की पुढची प्रत्येक सुटी थाळी स्वतःचा खर्च भागवून वर काही ठेवते. किमान रक्कम गिऱ्हाइकावर लावायचीच नाही, ती फेरीवर लावायची.

म्हणून साइटवर किमान रक्कम झोन आणि वेळ या जोडीला बांधली आहे. उद्यमबाग, साडेबारा ते एक, या जोडीत अजून कुणाचीच ऑर्डर नसेल तर किमान ३६०. कुणी तेवढ्याची ऑर्डर देऊन पैसे भरले की ती फेरी ‘ठरली’ आणि बाकीच्यांसाठी किमान एक थाळी. पानावर तसंच मराठीत आणि कन्नडमध्ये येतं: “उद्यमबागची एकची फेरी ठरली आहे, आता एक थाळीही चालेल.” फेरी ठरली नसेल तर लाल अक्षरांत ‘किमान ऑर्डर पूर्ण नाही’ असं न म्हणता, “आणखी १२० रुपयांचं घेतलं की फेरी निघेल” असं येतं. लोक मग शेजारच्या टेबलवाल्याला विचारतात. बऱ्याच फेऱ्या अशा एकाच ऑफिसातल्या तिघांनी मिळून सुरू केल्या.

सुट्या ऑर्डरी तात्पुरत्या घेऊन ठेवायच्या आणि तीन झाल्या की फेरी ठरवायची, असाही विचार झाला. तो सोडून दिला, कारण तिसरा आलाच नाही तर साडेअकराला दोघांना ‘आज जेवण नाही’ सांगावं लागतं आणि तोवर त्यांची दुसरीकडे सोय करायची वेळ निघून गेलेली असते. फेरी ठरल्यावर पहिल्याने ऑर्डर रद्द केली तर फेरी मात्र रद्द होत नाही. त्या दिवशी एका थाळीसाठी जावं लागलं तर पन्नास रुपये अंगावर येतात, एवढं सोसायचं असं वहिनींनीच ठरवलं. किमान रकमेत पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्या मात्र धरत नाही. छापील किमतीच्या मालात इतकं थोडं सुटतं की त्यांनी ३६० भरले तरी फेरीचा खर्च निघत नाही.

आता वेळ. उद्यमबागेतल्या आमच्या गिऱ्हाइकांची जेवणाची सुट्टी एकला होते आणि अर्ध्या तासात संपते. एक वाजून दहाला आलेली थाळी त्यांच्यासाठी उशिराचीच. म्हणून त्या झोनचा स्लॉट सुट्टीच्या आधी संपायला हवा आणि बाकी सगळं तिथून मागे मोजत यायचं. पोरगा बारा वीसला निघतो. पहिल्या गेटवर पंधरा मिनिटांत, पुढे सात-सात मिनिटांनी. चौथ्या गेटवर बारा छप्पन्न होतात. पाचवं घेतलं तर एक वाजून तीन मिनिटं, म्हणून एका फेरीत चारच थांबे. बारा पाचला पॅकिंग सुरू, त्याआधी पस्तीस मिनिटं भाकऱ्या. म्हणजे ऑर्डर साडेअकराला बंद.

भाकरीवर थोडं थांबतो, कारण सगळ्या साइटचं गणित तिथे येऊन ठेपतं. तव्यावरून उतरलेली भाकरी तशीच फॉइलमध्ये गुंडाळली की वाफ आत कोंडते आणि उद्यमबागला पोचेपर्यंत तिचा चिवट लगदा होतो. वहिनी ती दुरडीत सुती फडक्यावर उभी टेकवून ठेवतात, वाफ निघून जाऊ देतात, पोपडा हाताला कोरडा लागला की मगच बटर पेपरमध्ये घालतात. तासभर आधी करून ठेवली तर ती वाळते. त्यामुळे भाकरी आधी करून साठवता येत नाही, आमटी-वांगं येतं. दोन तव्यांवर वहिनी आणि मदतनीस बाई मिळून तासाला साठेक भाकऱ्या होतात. पस्तीस मिनिटांत पस्तीस. फुटक्या-जाड्या सोडून तीस धरल्या.

यावरून स्लॉटची क्षमता ऑर्डरींच्या संख्येत मोजायची नाही हे ठरलं. दहा ऑर्डरी म्हणजे दहा चिकन-भातही असू शकतात, तेव्हा तव्याला कामच नाही. आणि एकाच घराची ऑर्डर वीस भाकऱ्यांची असू शकते. मेनूतल्या प्रत्येक पदार्थाला मी भाकरीचा आकडा दिला. थाळीला दोन, जादा भाकरीला एक, चिकन-भाताला शून्य. स्लॉटला तीस. तीस संपल्या तरी भाताचे पदार्थ चालू राहतात, फक्त थाळीवर ‘पुढच्या वेळेला मिळेल’ असं येतं.

हे तीस सगळ्या झोनचे मिळून आहेत, कारण तवे तेच. थांबे मात्र झोनचे वेगळे. त्यातून एक अडचण अशी येते की जवळचे लोक सकाळी लवकर ऑर्डर देतात आणि कारखान्यातले लोक चहाच्या सुट्टीत. उद्यमबागची फेरी ठरायच्या आत भाकऱ्या संपून जातात. म्हणून त्या स्लॉटमधल्या बारा भाकऱ्या उद्यमबागसाठी अकरापर्यंत राखून ठेवल्या आहेत, अकराला त्या सर्वांना मोकळ्या होतात.

शेवटच्या दोन थाळ्या शिल्लक असताना दोघांनी एकाच वेळी दोन-दोन थाळ्यांसाठी बटण दाबलं तर? आधी किती उरल्या ते वाचायचं आणि मग वेगळं लिहायचं असं केलं तर दोघांनाही ‘आहे’ असं दिसतं. वाचणं आणि लिहिणं एकाच आज्ञेत हवं:

```sql
UPDATE slots SET used = used + 4
WHERE id = 17 AND used + 4 <= capacity;
```

एक ओळ बदलली तर जागा मिळाली, शून्य बदलल्या तर भरलं. मिळालेली जागा पैसे भरायला दहा मिनिटं धरून ठेवतो. यूपीआयची खबर कधी कधी उशिरा येते. अकराव्या मिनिटाला पैसे आल्याचं कळलं तर आधी जागा उरली आहे का पाहायचं, उरली असेल तर ऑर्डर पक्की, नसेल तर पैसे परत आणि दादांचा फोन. ‘पैसे गेले पण ऑर्डर दिसत नाही’ अशी तक्रार आली तर पहिल्यांदा इथेच पाहावं.

बंद होण्याची वेळ गिऱ्हाइकाच्या फोनच्या घड्याळावर सोडायची नाही, सर्व्हरची घ्यायची आणि सर्व्हरला `Asia/Kolkata` सांगायचं. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. ते तसंच राहिलं तर पहाटे साडेपाचपर्यंत साइटला ‘आज’ म्हणजे काल वाटतो. पहिल्या पाळीला निघणारा माणूस पाच वाजता साइट उघडतो आणि त्याला सगळे स्लॉट बंद दिसतात, सहाला उघडणाऱ्याला सगळं ठीक. तक्रार फक्त पहाटेचीच येत असेल तर कारण हेच.

पावसाळ्यासाठी दादांच्या पानावर एक बटण आहे. इथला पाऊस लागला की लागतो आणि तेव्हा सात मिनिटांचा थांबा दहाचा होतो. बटण दाबलं की उद्यमबागचे चार थांबे तीनवर येतात आणि मच्छेचा संध्याकाळचा स्लॉट बंद होतो. आधी आलेल्या ऑर्डरींना हात लागत नाही.

ऑर्डरची चिठ्ठी हा तसा लहान विषय, पण आमच्या भागात तो सोडून चालत नाही. डिलिव्हरीचा पोरगा गोकाककडचा, कन्नड वाचतो, मराठी बोलतो. गिऱ्हाईक पत्त्यात मराठीतून ‘मारुती मंदिराच्या मागे’ लिहितं. खुणेच्या जागांची यादी आम्ही दोन्ही लिप्यांत केली आणि गिऱ्हाइकाने लिहिलेला मजकूरही तसाच खाली ठेवला. साध्या थर्मल प्रिंटरमध्ये देवनागरी किंवा कन्नड अक्षरं नसतात, प्रश्नचिन्हं नाहीतर चौकोन छापून येतात. त्यामुळे अख्खी चिठ्ठी चित्र म्हणून तयार करून पाठवावी लागते. छपाई जराशी सावकाश होते, पण पत्ता वाचता येतो.

सीमेपलीकडची मागणीही आली. शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, पण वेंगुर्ला रोडने बेळगावचंच शेजार. तिथल्या एका कारखान्याने शनिवारच्या जेवणाबद्दल विचारलं. आमच्या फॉर्ममध्ये राज्य ‘कर्नाटक’ असं पक्कं धरलेलं होतं आणि पिन ५९ ने सुरू व्हायला हवा होता, तिकडचा ४१६ ने सुरू होतो. ती अट काढली. अनगोळहून शहर ओलांडून जायचं असल्याने हा झोन रोजचा होऊ शकत नाही. त्याला वेगळा नियम केला: एक दिवस आधी, किमान ३००० रुपये, भाकरीऐवजी चपाती, आणि साइटवर ऑर्डर आली तरी दादांनी फोनवर होय म्हटल्याशिवाय पैसे घ्यायचे नाहीत.

मच्छेचं अजून नीट बसलेलं नाही. विद्यार्थी रात्री साडेआठनंतर मागतात, वहिनींना आठला चूल बंद करायची असते. सध्या तिथे साडेसातचा एकच स्लॉट आहे, किमान ६००, फेरी ठरली की एक थाळी. हॉस्टेलचे गट तेवढे पुरे करतात, एकेकटे राहणारे राहून जातात. पुढच्या सत्रात आमटी-भाताचा एक स्लॉट उशिरा ठेवून पाहायचा आहे, कारण त्याला भाकरीचा आकडा शून्य आहे आणि मदतनीस बाई नऊपर्यंत थांबायला तयार आहेत.